बाळाच्या फुप्फुसाचा ब्रेक कसा तपासायचा : हेरिंग-ब्रॉयर रिफ्लेक्स, पायरीपायरीने

श्वास आत घेताना तो नेमका कुठे थांबवायचा, हे कोण ठरवतं? फिजिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत याचं उत्तर ‘मेड्युला’ असं एका शब्दात देऊन विद्यार्थी मोकळे होतात. ते अर्धंच उत्तर आहे. फुप्फुस किती फुगलं याची खबर मेंदूला सतत मिळत असते, आणि ती पुरेशी झाली की श्वास आत घेण्याची क्रिया कापली जाते. ही खबर देणारे ताण-संवेदक, म्हणजे स्ट्रेच रिसेप्टर, श्वासनळी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीतल्या स्नायूत बसलेले असतात. जागेपणी शांत बसलेल्या मोठ्या माणसात त्यांचं काम सहजी दिसत नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळात मात्र ते एका साध्या तपासणीत, आलेखावर, सेकंदांच्या हिशेबात दिसतं. या लेखात तीच तपासणी घेतली आहे. बालरोग, भूल किंवा फिजिऑलॉजीचे रेसिडेंट, रेस्पिरेटरी थेरपिस्ट आणि एनआयसीयूतल्या नर्स यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. घरी बाळाचं नाक-तोंड क्षणभरही दाबून काही बघायला जाऊ नका. ही तपासणी यंत्रं, सॅच्युरेशनचा मॉनिटर आणि अनुभवी डॉक्टर हजर असतील तिथेच करायची.

आधी थोडी पार्श्वभूमी

१८६८ साली व्हिएन्नात एवाल्ड हेरिंग यांच्या प्रयोगशाळेत योसेफ ब्रॉयर काम करत होते. प्राण्याचं फुप्फुस फुगवून तसंच धरून ठेवलं की पुढचा श्वास लांबतो, आणि दोन्ही बाजूंच्या वेगस नसा कापल्या की हा परिणाम नाहीसा होतो, हे त्यांनी दाखवलं. नसा कापल्यावर प्राण्याचा श्वास खोल आणि संथ होतो, हीही त्यातलीच गोष्ट. (हेच ब्रॉयर पुढे सिग्मुंड फ्रॉइड यांच्यासोबत हिस्टेरियावर लिहिताना भेटतात. मानसशास्त्राच्या पुस्तकातले ब्रॉयर आणि आपल्या पुस्तकातले ब्रॉयर एकच, हे अनेकांना माहीत नसतं.) पुढे १९३३ मध्ये एडगर एड्रियन यांनी मांजराच्या वेगस नसेतल्या एकेका तंतूचे विद्युत-संदेश नोंदवले. फुप्फुस जितकं फुगेल तितके संदेश दाट होत जातात, आणि ते फुगलेलंच ठेवलं तर संदेशही बराच वेळ चालू राहतात.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. स्पर्शाचे काही संवेदक पहिल्या झटक्याला बोलतात आणि गप्प होतात. हे संवेदक तसे नाहीत, ते दाब असेपर्यंत बोलत राहतात. त्यांचे संदेश वेगसमधून मेड्युलात पोहोचतात आणि श्वास आत घेणाऱ्या पेशींना दाबून धरतात. म्हणजे यांच्या एकाच संदेशाचे दोन परिणाम होतात. चालू असलेला श्वास लवकर कापला जातो, आणि फुप्फुस फुगलेलं असेपर्यंत पुढचा श्वास सुरू होत नाही.

म्हणून तपासणीही दोन बाजूंनी करता येते. श्वास पूर्ण आत गेल्यावर वाट बंद केली तर फुप्फुस फुगलेलं राहतं, ब्रेक लागलेला राहतो आणि बाळ पुढचा श्वास उशिरा घेतं. उलट, श्वास बाहेर गेल्यावर वाट बंद केली तर बाळ जोर लावतं पण फुप्फुस फुगत नाही, ब्रेक लागत नाही, म्हणून तो जोर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालतो. पहिल्या प्रकारात उच्छ्वासाचा काळ मोजायचा, दुसऱ्यात श्वासाचा.

तयारी

बाळ पोटभर प्यायलेलं आणि आपोआप झोपलेलं असावं. झोपेचं औषध द्यावं लागलं तर ते नोंदवहीत ठळक लिहायचं, कारण औषधाखाली घेतलेला आकडा आणि नैसर्गिक झोपेतला आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. बाळ पाठीवर, डोकं सरळ, मान किंचित मागे. मान पुढे वाकली की घशातली वाट अरुंद होते आणि सगळे आकडे बिघडतात. खांद्याखाली दुमडलेला छोटा टॉवेल पुरतो.

यंत्रसामग्रीत चार गोष्टी लागतात : बाळाच्या मापाचा मास्क, हवेचा प्रवाह मोजणारा न्यूमोटॅकोग्राफ, मास्कमधला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर आणि वाट पटकन बंद-उघड करणारा शटर. प्रवाहावरून आत-बाहेर गेलेलं आकारमान संगणक काढतो. जोडीला पल्स ऑक्सिमीटर हवाच.

सगळ्यात जास्त वेळ मास्क बसवण्यात जातो, आणि तो द्यायलाच हवा. मास्कच्या कडेला मऊ पुट्टीची वळी लावून ती नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली अलगद दाबायची. गळती बहुतेक वेळा नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्याजवळच्या खाचेतून होते. पुट्टीने तिथली जागा भरते आणि मास्कमधली मोकळी पोकळीही कमी होते. नाकपुड्या दाबल्या जात नाहीत ना, हे मास्कच्या पारदर्शक भिंतीतून बघून घ्या. गळती आहे का हे स्क्रीनवर कळतं : आत गेलेलं आणि बाहेर आलेलं आकारमान जुळत नाही आणि आकारमानाची रेघ प्रत्येक श्वासागणिक एकाच दिशेला सरकत जाते. अशी सरकती रेघ दिसत असताना पुढची पायरी घेऊ नका.

मास्क चेहऱ्याला लागला की काही वेळ बाळाचा श्वास खोल आणि संथ होतो. चेहऱ्याच्या त्वचेला झालेल्या स्पर्शाचा हा परिणाम, फुप्फुसाशी त्याचा संबंध नाही. श्वास पुन्हा एका लयीत येईपर्यंत थांबायचं.

झोप कोणती आहे ते आधी ठरवा

घाईत ही पायरी गाळली जाते, आणि मग एकाच बाळाचे तीन आकडे तीन दिशांना जातात. आपल्याला शांत झोप हवी. डोळे मिटलेले आणि पापणीखाली हालचाल नाही, हातपाय स्थिर, श्वास एकसारखा, छाती आणि पोट एकदमच वर येतात. पापणीखाली बुबुळं फिरायला लागली, ओठ-बोटं चाळवली, पोट वर येताना छाती आत ओढली जाऊ लागली, की बाळ सक्रिय झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत गेलं. त्या झोपेत श्वास मुळातच अनियमित असतो, रिफ्लेक्सचं मोजमापही डळमळीत होतं. अशा वेळी शटरला हात लावू नका. काही मिनिटांत झोप बदलते.

पहिला प्रकार : श्वासाच्या शेवटी वाट बंद करणं

शांत झोपेत अर्धा-पाऊण मिनिट नुसती नोंद घेऊ द्या. पाच-सहा एकसारखे श्वास दिसले की पुढच्या श्वासाच्या टोकाला, प्रवाह शून्यावर येतो त्या क्षणी, शटर बंद करायचा. जरा उशीर झाला तर थोडी हवा बाहेर गेलेली असते. तेवढं फुप्फुस कमी फुगलेलं असतं आणि ब्रेकही कमी लागतो. स्वयंचलित शटर असेल तर तो या क्षणावर लावता येतो. हाताने बंद करत असाल तर काही प्रयत्न वाया जाणार, हे धरून चालायचं.

शटर बंद झाल्यावर स्क्रीनवर काय दिसतं? प्रवाहाची रेघ शून्यावर सपाट होते. आकारमानाची रेघ वरच अडकते. मास्कमधला दाब शून्यावरून चढतो आणि एका पातळीवर स्थिर होतो. बाळाचे श्वासाचे स्नायू सैल पडलेले आहेत, आणि फुगलेलं फुप्फुस व छाती आपल्या लवचिकपणाने हवेवर दाब देत आहेत, असा या सपाट भागाचा अर्थ. थोड्या वेळाने ही सपाट रेघ एकदम खाली वळते. तिथे बाळाने पुढचा श्वास घ्यायला सुरुवात केली. ते दिसताच शटर उघडायचा.

मोजायचं ते असं : आधीचा श्वास संपल्याच्या क्षणापासून दाबाची रेघ खाली वळण्याच्या क्षणापर्यंतचा काळ. हा बंद वाटेतला उच्छ्वास-काळ. त्याची तुलना आधीच्या पाच मोकळ्या श्वासांच्या सरासरी उच्छ्वास-काळाशी करायची आणि वाढ टक्क्यांत सांगायची.

वाट जास्तीत जास्त किती सेकंद बंद ठेवायची, ही मर्यादा तपासणीआधीच ठरवून घ्या आणि शटरवर हात असणाऱ्याला ती माहीत असू द्या. बाळाचा थांबा लांबला म्हणून ‘बघू किती वेळ जातो’ असं करायचं नसतं. सॅच्युरेशन घसरलं किंवा बाळाचा रंग बदलला की मास्क काढा. दोन प्रयत्नांमध्ये लय पूर्ववत होईपर्यंत, निदान आठ-दहा श्वास जाऊ द्या.

दुसरा प्रकार : उच्छ्वासाच्या शेवटी वाट बंद करणं

इथे हवा बाहेर गेल्यावर, पुढचा श्वास सुरू होण्याच्या आत शटर बंद करायचा. बाळ श्वास घ्यायला जातं, पण हवा आत येत नाही. मास्कमधला दाब शून्याखाली उतरत जातो, तळ गाठतो आणि परत वर येतो. उतरायला सुरुवात झाल्यापासून तळापर्यंतचा काळ म्हणजे बंद वाटेतला श्वास-काळ. तो मोकळ्या श्वास-काळाने भागला की गुणोत्तर मिळतं. एकापेक्षा मोठं आलं तर ब्रेक रोज काम करत होता आणि आता तो काढून घेतला गेला, असं म्हणता येतं.

फक्त पहिला जोर मोजायचा. दुसऱ्या-तिसऱ्या जोरापर्यंत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो, ऑक्सिजन उतरू लागतो, आणि मग आकड्यात वेगळीच गोष्ट मिसळते.

कमी दिवसांच्या बाळात इथे एक फसवणूक होते. त्यांच्या बरगड्या इतक्या मऊ असतात की बंद वाटेविरुद्ध जोर लावताना छाती आत पिचकते. त्या पिचकण्याचाच एक वेगळा रिफ्लेक्स आहे, आणि तो श्वास मध्येच तोडतो. परिणामी काळ वाढण्याऐवजी घटतो. गुणोत्तर एकाच्या खाली आलं म्हणून ‘स्ट्रेच रिसेप्टर काम करत नाहीत’ असा शेरा मारण्याआधी छाती आत जात होती का, ते व्हिडिओत किंवा प्रत्यक्ष बघा.

एक उदाहरण, आकड्यांसह

हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक बाळ घेऊ. वजन ३.२ किलो, शांत झोप, औषध नाही. मोकळा श्वास-काळ सरासरी ०.५० सेकंद. आधीच्या पाच श्वासांचे उच्छ्वास-काळ ०.६८, ०.७२, ०.७०, ०.६६ आणि ०.७४ सेकंद, सरासरी ०.७०. एक पूर्ण फेरी १.२० सेकंदांची, म्हणजे मिनिटाला ५० श्वास. एका श्वासात २० मिलिलिटर हवा, किलोमागे सहाच्या आसपास. या वयाला सगळं साजेसं.

आता श्वासाच्या टोकाला तीनदा वाट बंद केली. उच्छ्वास-काळ आले १.१९, १.२६ आणि १.३३. सरासरी १.२६. मूळ ०.७० पेक्षा ०.५६ सेकंद जास्त, म्हणजे वाढ ८० टक्के.

ही वाढ खरी की श्वासागणिक होणारा नेहमीचा चढउतार? पाच मोकळ्या श्वासांचं प्रमाण विचलन सुमारे ०.०३ सेकंद आहे. सरासरीत त्याची दुप्पट मिळवली तरी ०.७६ होतात. आपला सगळ्यात लहान आकडासुद्धा १.१९ आहे. तेव्हा शंका उरत नाही. ही पडताळणी प्रत्येक बाळात त्याच्याच श्वासांवर करावी. एक ठरावीक टक्केवारी सगळ्यांना लावण्यापेक्षा मला ती जास्त पटते, कारण काही बाळं झोपेतही जरा विस्कळीत श्वास घेतात.

मग उच्छ्वासाच्या मध्यावर, म्हणजे २० पैकी १० मिलिलिटर हवा अजून आत असताना वाट बंद केली. काळ आला ०.९५ सेकंद, वाढ सुमारे ३६ टक्के. फुगवटा अर्धा, ब्रेकही निम्म्याच्या आसपास. ही पायरी बरेच जण सोडतात, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. थांबा नुसता वाट बंद झाल्याने किंवा मास्क हलल्याने आला असता, तर तो फुगवट्याप्रमाणे कमी-जास्त झाला नसता.

शेवटी उच्छ्वासाच्या टोकाला वाट बंद केली. पहिला जोर ०.६२ सेकंद चालला. ०.६२ भागिले ०.५०, गुणोत्तर १.२४. म्हणजे रोजच्या शांत श्वासातसुद्धा या बाळाचा प्रत्येक श्वास फुप्फुसाकडून येणाऱ्या खबरीमुळे जरा आधीच कापला जात होता.

याच नोंदीतून एक फायदा फुकटात मिळतो. सपाट भागात दाब ५ सेंटिमीटर पाणी होता. २० भागिले ५, म्हणजे दाबाच्या एका सेंटिमीटरमागे ४ मिलिलिटर. ही श्वसनसंस्थेची लवचिकता, कम्प्लायन्स. किलोमागे १.२५, नवजात बाळाला शोभेल अशी. हे मोजमाप शक्य होतं तेच मुळी रिफ्लेक्समुळे. स्नायू सैल पडले नसते तर त्या दाबात बाळाचा स्वतःचा जोर मिसळला असता आणि आकड्याला काही अर्थ उरला नसता.

आकडा बिघडला आहे हे कसं ओळखायचं

सगळी मदार त्या सपाट भागावर असते, म्हणून आधी त्याच्याकडे बघा. दाब चढून हळूहळू उतरत गेला तर मास्क गळतोय. सतत चढतच राहिला तर बाळ पोटाच्या स्नायूंनी हवा बाहेर ढकलतंय, बहुधा जागं होतंय. रेघेवर हृदयाच्या ठोक्यांच्या बारीक लाटा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, फक्त त्या लाटेला पुढच्या श्वासाची सुरुवात समजू नका. खरी सुरुवात झाली की रेघ खाली जाते आणि परत येत नाही.

कधी फुगवटा धरून ठेवल्यावर बाळ थांबण्याऐवजी उलट आणखी एक खोल श्वास घ्यायचा जोर लावतं. ही चूक नाही. १८८९ मध्ये हेन्री हेड यांनी वर्णन केलेला हा वेगळा, उलट्या दिशेचा रिफ्लेक्स आहे आणि नवजात बाळांत तो दिसतो. तो प्रयत्न सरासरीत धरू नका, पण नोंदवा.

आणि आकडा लहान आला म्हणून वेगसला इजा आहे असं निदान एका बैठकीवरून करायचं नसतं. झोप, औषध, गळती, उशिरा बंद झालेला शटर, ही चार कारणं आधी तपासा. उलट बाजूने, कडक फुप्फुसात तेवढ्याच हवेने भिंतीवर जास्त ताण येऊ शकतो. संवेदकांना मिलिलिटर कळत नाहीत, ताण कळतो. म्हणून टक्केवारीशेजारी आकारमान आणि सपाट भागातला दाब लिहिल्याशिवाय अहवाल पुरा समजू नये.

मोठ्या माणसात हे का दिसत नाही

मोठ्या माणसात ब्रेक असतो, पण तो बराच वरच्या पातळीला लागतो. शांत श्वासात आपण अर्धा लिटर हवा घेतो. पाठ्यपुस्तकं ब्रेकची पातळी दीड लिटरच्या आसपास सांगतात. १९६० च्या दशकात लंडनमध्ये अब्राहम गुझ आणि सहकाऱ्यांनी जागेपणी माणसाच्या वेगस नसा औषधाने तात्पुरत्या बधिर केल्या. शांत श्वासाच्या घडणीत फरक पडला नाही. श्वास रोखून धरण्याचा काळ मात्र वाढला. फुप्फुस-रोपण झालेल्या रुग्णांत नव्या फुप्फुसातून मेंदूकडे जाणाऱ्या वेगसच्या वाटा तुटलेल्या असतात, तरी बसल्या जागी त्यांचा श्वास साधारण आपल्यासारखाच चालतो. मांजर आणि सशावरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसावर बसवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. बाळांत मात्र पहिल्या वर्षभर, निदान झोपेत, हा रिफ्लेक्स मोजता येतो.

व्हेंटिलेटरपाशी याचा उपयोग

ही तपासणी रोज कुणी करत नाही, पण व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या छातीत हाच रिफ्लेक्स दर श्वासाला चालू असतो. समजा त्याच ०.५० सेकंद श्वास-काळाच्या बाळाला यंत्रावर ठेवलं आणि यंत्राचा श्वास-काळ ०.८० सेकंद लावला. बाळाचा आपला श्वास संपला, ब्रेक लागला, आणि यंत्र अजून ०.३० सेकंद हवा ढकलतंय. बाळ त्याविरुद्ध पोटाच्या स्नायूंनी उच्छ्वास करू लागतं. स्क्रीनवर फुगवटा चालू असतानाच दाबाची रेघ टोकाला उंचावते, आणि हात ठेवला तर पोट त्याच वेळी कडक लागतं. मुदतपूर्व बाळांत अशा झगड्याचा संबंध फुप्फुस फुटून छातीत हवा साठण्याशी जोडला गेला आहे.

अशा वेळी पहिला हात झोपेच्या औषधाकडे जातो. त्याआधी बाळाचा स्वतःचा श्वास-काळ मोजा. मॉनिटरवर पाच श्वास मोजले तरी पुरतं. मग गळती आणि नळीची जागा बघून यंत्राचा श्वास-काळ बाळाच्या काळाजवळ, थोडा खालीच आणा, आणि लागलं तर दर वाढवा. दहा-पंधरा श्वासांत दाबाचं ते टोक बसतं की नाही ते दिसेल. बसलं नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं : वेदना, कफ, नळी अडकणं. आणि श्वास-काळ कमी केल्यावर दर मिनिटाला जाणारी एकूण हवा घटली का, कार्बन डायऑक्साइड चढतोय का, हे पुढच्या ब्लड गॅसमध्ये बघूनच ती सेटिंग कायम करायची.